काकांचा नंबर

बोईसरला स्टेशनकडून नवापूरच्या रस्त्याला लागलं की झेरॉक्सची दोन दुकानं सोडून कमलाकांत चुरींचं दुकान लागतं. पाटीवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असं लिहिलंय, पण पाटी वाचून कोणी येत नाही. मासवणकडच्या पाड्यांवरून, केळव्याच्या वाड्यांतून, कंपन्यांच्या खोल्यांतून माणसं येतात ती ‘काकांकडे जा’ असं कोणीतरी सांगितलं म्हणून.

कमलाकांत मूळचे केळव्याचे. तारापूरच्या एका कापड गिरणीत ते टाइमकीपर होते. कोण कुठल्या पाळीला आला, कोण आला नाही, हे बघत बसायचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय नव्या नोकरीच्या पुढे गेलं होतं आणि पेन्शनच्या बरंच अलीकडे होतं. त्यांनी एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेतला. टाइपिंग यायचं, अक्षर चांगलं होतं, आणि माणसांच्या चौकशा ऐकून घ्यायची सवय होती. एवढ्या भांडवलावर दुकान चाललं.

दुकान चालायला आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे त्यांचा मोबाइल नंबर.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, उमेदवाराचा मोबाइल क्रमांक. वसतिगृहात राहून शिकलेल्या पोरापोरींकडे तो क्रमांक असायचा, पण तो भावाचा नाहीतर बापाचा. भाऊ दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जायचा, फोन त्याच्याबरोबर. नाहीतर रिचार्ज संपायचा आणि सहा-सात महिन्यांनी तोच नंबर दुसराच कोणीतरी उचलायचा. एकदा एका मुलीला मुलाखतीचा निरोप असाच कुठेतरी गेला आणि तिची जागा गेली. तेव्हापासून कमलाकांत ज्याचा भरवशाचा फोन नाही, त्याच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकू लागले. मेसेज आला की ते निरोप पोचवायचे. मनोरच्या एसटीच्या वाहकाकडे चिठ्ठी द्यायची, मासवणच्या नाक्यावर चहावाल्याला फोन करायचा, कंपनीच्या बसमध्ये कोणाला तरी सांगून ठेवायचं. निरोप चुकला असं कधी झालं नाही. सूचनांमध्ये ‘क्रमांक उमेदवाराचा स्वतःचाच असावा’ असं ठळक अक्षरांत असे. ते वाचून कमलाकांत दर वेळी थोडे थबकायचे आणि पुढे जायचे. लिहिणाऱ्याने ते कुणासाठी लिहिलंय, असं त्यांना वाटायचं. फोन असणाऱ्यांसाठीच असणार.

हळूहळू त्यांना तो नंबर सोडता येईनासा झाला. मुलाने मुंबईहून चांगला फोन पाठवला, स्वस्त योजनेचं कार्डही पाठवलं. फोन वापरला, कार्ड कपाटात राहिलं. लग्नाला गेले तरी फोन छातीच्या खिशात, आणि खिशातलं यंत्र थरथरलं की जेवता जेवता उठायचे. बायको म्हणायची, डॉक्टर लोक तरी एवढं धावत नाहीत.

या वर्षी बोईसरच्या एका संस्थेतून लॅब असिस्टंटचा कोर्स केलेली सात मुलं त्यांच्याकडे आली. परीक्षा ऑनलाइन, वर्षातून एकदाच. कोर्स संपल्यापासून दोन वर्षांत ती दिली नाही तर केलेला कोर्स वाया. पास झालं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की एमआयडीसीतल्या रासायनिक कंपन्यांच्या प्रयोगशाळेत कामाला उभं तरी राहता येतं. परीक्षेच्या तारखा बऱ्याच होत्या, केंद्रंही बरीच. ज्याने त्याने आपल्या खात्यात जाऊन तारीख आणि केंद्र निवडायचं, आणि जागा शिल्लक असेल तर ती मिळायची.

सातांपैकी एक होती कमलाकांतांची सख्खी पुतणी मोनाली. आणि एक होती मासवणपुढच्या पाड्यावरची सपना धोडी. सपनाची गेल्या वर्षीची परीक्षा बाळंतपणात गेली होती. हे तिचं दुसरं वर्ष, म्हणजे शेवटचंच. नवरा बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. ती स्वतः तारापूरला एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला होती आणि बाळ तिची आई ठमी सांभाळायची. फोन भावाचा, बुधाचा. त्याला विचारून तिने नंबर सांगितला तेव्हा कमलाकांतांनी विचारलं होतं, बुधा असतो कुठे. ती म्हणाली, कधी भिवंडीला, कधी घरी. त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. मोनालीच्याही फॉर्मवर त्यांचाच नंबर होता. तिच्याकडे फोन होता, पण तिची आई म्हणाली, भाऊजी, तुमचाच टाका, ही कुठे मेसेज बघणार. ते ऐकून बाकीच्यांनीही तोच टाकायला सांगितला.

नोंदणी उघडली त्या सकाळी कमलाकांत चहा न घेता बसले आणि सातही जणांना बोईसरचंच केंद्र, एकाच रविवारी सकाळच्या सत्रात मिळवून दिलं. रविवार सगळ्यांना सोयीचा, कंपनीची सुट्टी. केंद्र म्हणजे स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या इमारतीत वरच्या मजल्यावरची कॉम्प्युटरची शिकवणी. सपनाच्या हातात छापील कागद दिला तेव्हा तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, बाळाला घेऊन आई खालीच बसेल, मधी गरज लागली तरी जवळ हाय. आता काही अडत नाही, असं त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर होतं.

परीक्षेला बारा-तेरा दिवस असताना एका मंगळवारी दुपारी त्यांच्या खिशातला फोन थरथरू लागला तो थांबेचना. सात मेसेज, एकामागोमाग एक, सगळे एकाच मजकुराचे. आपले केंद्र बंद झाल्यामुळे आपली जागा दुसऱ्या केंद्रावर हलवण्यात आली आहे, तारीख आणि सत्र तेच. नवीन केंद्र मान्य नसल्यास बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत आपल्या खात्यात जाऊन उपलब्ध जागांतून एकदाच बदल करता येईल. बदल न केल्यास नवीन केंद्र कायम समजावे. जुने प्रवेशपत्र चालणार नाही.

नवीन केंद्र वाशी होतं.

शिकवणीच्या इमारतीला आगीच्या तपासणीत नोटीस लागली होती, वरचे मजले रिकामे करायला सांगितले होते. हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त वाशी हा शब्द पाहिला आणि हजर राहण्याची वेळ सकाळी आठची पाहिली. पहाटेची पहिली गाडी धरली तरी गाड्या बदलत बदलत वाशीला आठाच्या आत पोचणं होत नव्हतं.

मेसेज येऊन अर्धा तास झाला नसेल, मोनालीची आई मेघाली दुकानात आली. केळव्याच्याच आणखी दोन मुलींना घेऊन. मोनालीने संस्थेतल्या कुठल्या तरी गटावर वाचलं होतं. मेघाली स्टुलावर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, “भाऊजी, पोरगी वाशीला जाणार नाही. आधी तिचं बघा, मग बाकी गावाचं.”

कमलाकांत म्हणाले, बघतो, सगळ्यांचंच बघतो.

त्यांनी मोनालीचं खातं उघडलं. आत जायला दर वेळी फोनवर आकडे येतात, ते टाकले की दार उघडतं. पालघरच्या केंद्रावर त्याच रविवारी चार जागा होत्या. मोनालीला एक मिळाली. मग स्टुलाशेजारी उभ्या असलेल्या दोघींना एक एक. समोर माणूस उभा असला की हात आपोआप त्याचं काम करतात, टाइमकीपरच्या खिडकीवरही तसंच होत असे. चौथी जागा राहिली. दुकानात नसलेली चार जणं राहिली, अंकुश, विपुल, सुजित आणि सपना. चौथी जागा सपनाचीच, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. अंगावर पिणारं मूल घेऊन ती पहाटे वाशीला कशी जाणार?

त्यांनी सपनाचं खातं उघडायला घेतलं. तेवढ्यात अंकुशचा फोन आला, तो वापीहून बोलत होता, काका माझं बघा ना. बघतो म्हणून त्यांनी शेजारच्या खिडकीत अंकुशचंही खातं उघडलं. दोघांचे आकडे एकाच फोनवर आले, पाठोपाठ. कुठले कोणाचे, हे मेसेजमध्ये नसतं. त्यांनी पहिले आकडे सपनाच्या खिडकीत टाकले, चुकले. दुसरे टाकले, तोवर घाईत त्यांनी ‘पुन्हा पाठवा’ हे बटण दाबलेलं होतं, त्यामुळे तेही जुने झाले होते. नवे आले ते अंकुशचे की सपनाचे, कळेना. तिसऱ्या चुकीला पडद्यावर लाल अक्षरं आली. या मोबाइल क्रमांकावरून अनेक अयशस्वी प्रयत्न झाले आहेत. हा क्रमांक चोवीस तासांसाठी थांबवण्यात आला आहे.

खातं नव्हे, क्रमांक. म्हणजे सपनाचं दार बंद, अंकुशचं बंद, विपुलचं आणि सुजितचंही बंद.

मेघालीने विचारलं, झालं का सगळ्यांचं. कमलाकांत म्हणाले, तुमचं झालं.

ती गेल्यावर त्यांनी मदत-क्रमांक लावला. बराच वेळ वाजणारी धून ऐकली. मग एका मुलीने नम्रपणे विचारलं, सर, आपण स्वतः उमेदवार बोलताय का? आपल्या नावाने नोंद असलेला क्रमांक हाच का? कमलाकांतांच्या डोळ्यांपुढे ते ठळक अक्षरांतलं वाक्य आलं. खरं सांगावं तर सातही फॉर्म रद्द होतील की काय. खोटं सांगावं तर पुढे कोणाच्या नावाने बोलायचं? त्यांनी फोन ठेवला. दुकानाला तीन बाजूंनी भिंती होत्या, चौथ्या बाजूला उघडा रस्ता होता, तरी त्यांना उठून बाहेर जाता येईना. नंबर बदलावा तर बदलायलाही आधी जुन्याच नंबरवर आकडे येतात. आपण इतक्या वर्षांत इतक्या माणसांना आपल्या खिशात घेऊन बसलो, आणि आता खिशाचं बटण उघडत नाही.

बुधाचा फोन बंद होता. मासवणच्या चहावाल्याकडे निरोप ठेवला, पण सपना बाळ आणि आईला घेऊन आठवडाभर बोईसरला मैत्रिणीच्या खोलीवर राहते आणि शनिवारीच पाड्यावर जाते, असं तो म्हणाला. खोली कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं. कंपनी कुठली, ते कमलाकांतांना ठाऊक होतं, कारण फॉर्ममध्ये त्यांनीच ते लिहिलं होतं, पण त्या दिवशीची पाळी तोवर सुटली होती.

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमाराला नंबर मोकळा झाला. पालघरची चौथी जागा तोवर गेली होती. रविवारी पालघरला शून्य, वसईला शून्य. पालघरला एक जागा दिसत होती ती त्या रविवारच्या आधीच्या, म्हणजे पुढच्या बुधवारी दुपारी. बाकी उरली ती वाशीच. विपुल आणि सुजित यांनी फोनवर सांगून टाकलं की वाशी तर वाशी, आमी विपुलच्या मामाची इको गाडी घेऊन जातो. अंकुशही त्यांच्यात जायला तयार झाला. राहिली सपना.

आधीच्या कमलाकांतांनी बुधवारची जागा घेऊन टाकली असती आणि निरोप पाठवला असता. बदल एकदाच मिळतो. बोट बटणावर होतं. पण काल त्यांच्याच बोटांनी जे केलं होतं ते बघता त्यांना ते दाबवेना. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा करून एमआयडीसीत गेले.

तीनची पाळी सुटत होती. फाटकावरचा सुरक्षारक्षक त्यांना म्हणाला, अंकल, साइड में खड़े रहो, और मोबाइल अंदर नहीं जाएगा. ते म्हणाले, मला आत जायचंच नाही. बायका घोळक्याने बाहेर पडल्या, डोक्याच्या टोप्या हातात. सपनाने त्यांना पाहिलं आणि ती जागीच थांबली. काका कंपनीच्या फाटकावर आले म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला न सांगता समजलं.

रस्त्याच्या कडेला, टँकरच्या रांगेच्या सावलीत उभं राहून त्यांनी तिला सगळं सांगितलं. केंद्र बंद झालं, वाशी पडलं, सहा वाजेपर्यंत बदलता येतं, पालघरला पुढचा बुधवार आहे, पोरं गाडी करून वाशीलाच चाललीत.

“बुधवारी नाय जमणार,” ती म्हणाली. “बाळाच्या तापात माझे खाडे झालेत. ठेकेदारानं सांगितलंय, आता एक दिवस जरी नाय आली तरी कामाचं कार्ड काढून घेन. परीक्षा दिली नि कार्ड गेलं, तं निकाल लागेपर्यंत खाऊ काय?”

कमलाकांतांनी बुधवारचा विषय सोडून दिला.

“रविवारी पालघरला जागाच नव्हत्या का?”

ह्या प्रश्नाची वाट बघतच ते आले होते. होत्या, ते म्हणाले. चार होत्या.

“कोणाला भेटल्या?”

“तीन मी भरल्या. एक माझ्या पुतणीला. दोघी तिच्याबरोबरच्या. चौथी तुझी म्हणून ठेवली होती, आणि माझ्या हातून नंबर अडकला.”

सपनाने टोपीची घडी केली, पुन्हा उलगडली. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

“म्हंजे जी समोर उभी होती तिला भेटली,” ती म्हणाली. “मी कंपनीत होती. माझ्याकडं फोन असता तरी फाटकावरच ठेवला असता.”

“हो.”

“मग तुमचं तरी काय चुकलं आणि माझं तरी काय चुकलं.” टोपी पिशवीत टाकत ती म्हणाली, “पण काका, पैलं मला विचारायचं ना. बोईसर भरलं तेव्हा बी तुमी नाय विचारलं. तवा बरं झालं म्हणून मी बोलली नाय.”

टँकर पुढे सरकला आणि दोघंही उन्हात आले. कमलाकांतांना एवढंच सुचलं की आज विचारायलाच आलो. मग तिने हिशोब मांडला, जसा ती पॅकिंगच्या खोक्यांचा मांडत असेल. वाशीला रविवार, सुट्टी. पोरांची गाडी जाते, तिच्यात ती बसेल. बाळ घरी ठेवलं तर पहाटेपासून दुपारपर्यंत ते राहणार नाही, वरचं दूध घेतच नाही; कामावर असते तेव्हाही आई जेवणाच्या सुट्टीत त्याला फाटकावर पाजायला आणते. म्हणजे बाळ बरोबर. आईला गाडी लागते, मनोरपर्यंत जाईस्तोवर ती अर्धी होते. नवरा समुद्रात.

“मी आत बसल्यावर त्याला धरील कोण?”

“मी धरीन,” कमलाकांत म्हणाले.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हसू येत होतं ते तिने दाबलं. “रडका हाय तो. मिश्या ओढतो.”

“ओढू दे.”

सहा वाजले तेव्हा कमलाकांत दुकानात बसले होते. पालघरची बुधवारची जागा पडद्यावर होती, आणि सहानंतर पान उघडेनासं झालं. त्यांनी काहीही केलं नव्हतं. इतक्या वर्षांत काही न करता एखादं काम पुरं केल्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी उजाडायच्या कितीतरी आधी इको निघाली. पुढे विपुल आणि त्याचा मामा, मागे अंकुश, सुजित, कमलाकांत, आणि खिडकीपाशी सपना, पदराखाली बाळ. घोडबंदरला ट्रकांत अडकले तेव्हा जो तो घड्याळ बघत होता. आठला दहा मिनिटं असताना ते वाशीच्या केंद्रापाशी उतरले. सपनाने रस्त्याच्या कडेलाच बाळाला पाजलं, नवं प्रवेशपत्र आणि आधार कार्ड हातात घेतलं आणि पोराला कमलाकांतांच्या हातात दिलं. फाटकावरच्या माणसाने कागदावरचं नाव वाचलं, आत सोडलं. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोर रडलं असतं, हे तिला ठाऊक असणार.

ते तरीही रडलं. कमलाकांत काचेच्या उंच इमारतींच्या सावलीत येरझारा घालत राहिले. नातवंडं त्यांनी अशी धरली नव्हती, ती येतात तेव्हा चालू लागलेली असतात. पोराने मिश्या ओढल्या, चष्मा ओढला, आणि रडून रडून दमून शेवटी त्यांच्या छातीवर गाल टेकून झोपलं. डाव्या बाजूला, नेमकं खिशावर. खिशात फोन होता.

फोन थरथरला. पोराने झोपेतच ओठ हलवले. कमलाकांत जागच्या जागी उभे राहिले. फोन पुन्हा थरथरला, मग वाजू लागला. हात घालावा तर गाल उचलावा लागणार. वाजून वाजून तो बंद झाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा लागला. कोणीतरी कुठेतरी एका पडद्यापुढे बसलंय, आणि आकड्यांची वाट बघतंय. ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण हात पोराच्या पाठीवर होता आणि तो तिथेच राहिला.

सपना बाहेर आली ती घाईघाईने, आधी पोराकडे. झोपलेलं पाहून हळूच घेतलं. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं. गणितं राहिली दोन-तीन, ती म्हणाली, बाकी लिवलंय. लिवलंय कसलं, दाबलंय.

मग त्यांनी फोन काढला. चार आकड्यांचे दोन मेसेज, आणि एकाच अनोळखी नंबरचे पाच फोन. मेसेजची मुदत दहा मिनिटांची होती, ती केव्हाच सरली होती.

“कोणाचा?” सपनाने विचारलं.

“माहीत नाही. नाव नसतं.”

तिने पोराला खांद्यावर नीट घेतलं. “बुधा आला का त्याच्याकडून फोन घेऊन येते मी. माझ्या फॉर्मावरनं तुमचा नंबर काढून टाका. निकालाचा मेसेज मला नाय आला तरी चालेल, पण तुमच्या खिशात नको.”

हो म्हणाले ते. मनात त्यांनी हेही ओळखलं की नंबर काढायचा तर आधी आकडे त्यांच्याच फोनवर येणार, मग बुधाच्या, आणि त्या वेळी बुधाचा फोन चालू असायला हवा. आणि बुधा कधी भिवंडीला, कधी घरी.

परतीच्या वाटेवर वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडला आणि फोन पुन्हा वाजला. तोच अनोळखी नंबर. एक मुलगी हळू आवाजात बोलत होती, मागे कुठल्या तरी दुकानातला पंखा घरघरत होता.

“काका, मी येसूबाईची नात बोलते, सफाळ्याची. दोन वर्षांपूर्वी तुमी माझा फॉर्म भरलेला. सकाळपासून बसलीय. तुमच्याकडं ओटीपी आला का?”

“आला होता,” कमलाकांत म्हणाले. “आता जुना झाला. परत मागवायला सांग त्या दुकानवाल्याला. मी आहे.”

त्यांनी फोन कानापासून काढला, पण खिशात ठेवला नाही. तळहातावर धरून ते पडद्याकडे बघत राहिले. शेजारी पोर जागं झालं होतं आणि उजेडाकडे हात पसरत होतं.